गवती चहाचा सुगंध जातो कुठे?

गवती चहा जितका उकळावा तितका त्याचा अर्क उतरतो, असा समज घरोघरी आढळतो. सुंठ, ज्येष्ठमध किंवा दालचिनीच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे, कारण मुळे आणि साली कठीण असतात व त्यांतील घटक सावकाश सुटतात. कोवळ्या पानांना मात्र हा नियम लागू पडत नाही.

गवती चहाचा लिंबासारखा वास मुख्यतः त्याच्या तेलातील सिट्राल या द्रव्याचा असतो. सिट्राल सुमारे २२९ अंश सेल्सिअसला उकळते, मग १०० अंशांच्या पाण्यातून ते उडून कसे जाते, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे, की तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नसल्यामुळे दोन्ही आपापला बाष्पदाब स्वतंत्रपणे निर्माण करतात. या दाबांची बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते, आणि ही वेळ पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या थोडी आधीच येते. त्यामुळे वाफेबरोबर थोडे थोडे तेलही निघून जाते. गवती चहाचे तेल काढणाऱ्या भट्टीत नेमके हेच घडवून आणतात. फरक इतकाच, की तेथे वाफ थंड करून तेल गोळा केले जाते आणि आपल्या ओट्यावर ते हवेत विरते. स्वयंपाकघर सुगंधाने भरले म्हणजे चहा उत्तम झाला असे वाटते, पण तो सुगंध पातेल्यातूनच गेलेला असतो.

कडवटपणाचे गणित वेगळे आहे. तुळस आणि पुदिन्याचे सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींत असते, म्हणून ते लवकर सुटते. टॅनिनसारखी पॉलिफेनॉल द्रव्ये पेशींच्या आत असतात. ती सावकाश बाहेर येतात, वाफेबरोबर उडत नाहीत आणि पाण्यात साचतच जातात. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, त्यामुळे जीभ कोरडी, ओढल्यासारखी वाटते. तसे जाणवले, तर पाने जास्त वेळ राहिली असे खुशाल समजावे.

म्हणून गवती चहाची दोन-तीन पाने कात्रीने बारीक कापावीत, कारण त्याचे तेल पानाच्या आतील पेशींत असते. पाणी उकळून गॅस बंद करावा, बुडबुडे शमल्यावर पाने घालून लगेच झाकण ठेवावे आणि पाच ते सात मिनिटांनी गाळावे. तुळस किंवा पुदिन्याला चार-पाच मिनिटे पुरतात. झाकणाच्या आतल्या बाजूचे थेंब हुंगून पाहा. त्यांना पानांचाच वास येतो, तेव्हा ते कपातच निथळू द्यावेत. चव फिकी वाटली, तर वेळ न वाढवता पाने वाढवावीत. अशा चहाने शरीरातील ‘विषद्रव्ये’ धुऊन निघतात, या जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नये. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात.

दुधाच्या चहात हा कडवटपणा फारसा जाणवत नाही, कारण दुधातील केसीन टॅनिनला बांधून ठेवते. उडालेला सुगंध मात्र दुधाने परत येत नाही, त्यामुळे तेथेही गवती चहा गॅस बंद केल्यावरच घालावा.