हिरड्या हुळहुळतात तेव्हा ब्रश कोणता?

"हिरड्या हुळहुळायला लागल्या, आता इलेक्ट्रिक ब्रश घेऊ का?" असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: ब्रश लागताच हिरडी दुखते आणि रक्त येतं, की गार पाणी लागताच दातातून कळ जाते? ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिल्यात दात आणि हिरडीच्या सांध्यावर जिवाणूंचा चिकट थर साचून हिरडी सुजलेली असते. रक्त दिसलं की लोक तिथे ब्रश लावायचंच सोडतात, मग थर वाढतो आणि सूजही. इथे इलेक्ट्रिक ब्रश थोडा सरस ठरतो. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१४च्या आढाव्यात तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशच्या तुलनेत थर सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के कमी आढळली. फरक खरा आहे, पण जाहिरातीत मिनिटाला हजारो हालचाली मोजून दाखवतात तेवढा नाही.

दुसरं दुखणं मला जास्त रंजक वाटतं. हिरडी मागे सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं. त्यावर इनॅमलचं कठीण कवच नसतं. आत डेंटिन म्हणजे दाताचा कवचाखालचा थर असतो आणि त्यात एक-दोन मायक्रॉन रुंदीच्या असंख्य नलिका द्रवाने भरलेल्या असतात. गार पाणी लागलं की हा द्रव सरकतो, नलिकेच्या आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूला ते जाणवतं आणि कळ उठते. घासताना जोर लावला की हिरडी आणखी मागे सरकू शकते आणि पेस्टमधले खरखरीत कण उघडं मूळ झिजवतात. कोळशाच्या पुडीने तर हे नुकसान वाढण्याचीच भीती.

माझ्या एका उजखोऱ्या मित्राला वरच्या डाव्या सुळ्यात कळ यायची. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा जोर बहुधा डाव्या बाजूवर पडतो. त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ब्रश रोजच्यासारखा दाबायला सांगितलं. काटा ४०० ग्रॅमच्या पुढे गेला! १५० ते २०० ग्रॅम पुरतात. असा हात असेल तर इलेक्ट्रिक ब्रशचा खरा फायदा म्हणजे त्याचा दाबसूचक: जोर वाढला की दिवा लागतो किंवा गती मंदावते. तो नसलेलं मॉडेल अशा माणसाने घेऊ नये. आणि हा ब्रश घासायचा नसतो. सांध्याशी टेकवून प्रत्येक दातावर दोन-तीन सेकंद धरायचा, तोच हलतो. मित्र पहिले काही दिवस तो साध्या ब्रशसारखा पुढे-मागे ओढत होता आणि दिवा सारखा लागत होता.

हात हलका असेल तर मऊ साधा ब्रश पुरतो: सांध्याकडे ४५ अंश तिरका धरून, बारीक हालचाली, दोन मिनिटं. सुजेचं रक्त नीट घासल्यावर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होतं. झालं नाही तर बहुधा थराचं टणक कीटण बनलेलं असतं, ते कुठल्याच ब्रशने निघत नाही. आणि गार पाणी गिळून झाल्यावरही एकाच दातात कळ रेंगाळत असेल, तर ब्रश बदलत बसू नका, दंतवैद्याला तो दात दाखवा.