गारगोटी पाण्यात किती हलकी होते?

गारगोटीचा एक खडबडीत तुकडा हातात आहे. त्याची घनता काढायची, तर वजनाला घनफळाने भागायचं. वजन सोपं आहे, अडतं ते घनफळापाशी. मोजपात्रात बुडवून पाणी किती चढलं ते पाहता येतं, पण काचेलगत पाण्याची कड वर वळलेली असते आणि अर्धा-एक मिलिलिटर सहज चुकतो. त्यापेक्षा वजनकाट्यालाच घनफळ विचारलेलं बरं.

समजा, हवेत तुकडा 53.0 ग्रॅम भरला. आता बारीक दोऱ्याने काट्याला टांगून तो पूर्ण पाण्यात बुडवला, तळाला किंवा कडेला टेकू दिला नाही, तर काटा 33.0 ग्रॅम दाखवतो. कमी झालेले 20 ग्रॅम म्हणजे तुकड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. आर्किमिडीजचं तत्त्व ते हेच. एक ग्रॅम पाणी जवळपास एक घनसेंटीमीटर जागा व्यापतं, म्हणजे तुकड्याचं घनफळ 20 घनसेंटीमीटर. 53 भागिले 20, घनता 2.65. शुद्ध गारगोटीची घनता एवढीच असते.

काट्याला खाली काही टांगायची सोय नसेल तर उलटं करा. मला तर हीच रीत जास्त आवडते. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि दोरा हातात धरून तुकडा पाण्यात अधांतरी बुडवा. काटा 20.0 दाखवेल. पाणी तुकड्याला जेवढं वर ढकलतं, तेवढाच तुकडा पाण्याला खाली ढकलतो, म्हणून वजाबाकीसुद्धा करावी लागत नाही. मग दोरा सैल सोडून तुकडा तळाला टेकवा, आकडा 53.0 वर जातो. दोन्ही मापं एकाच भांड्यात मिळाली.

घोटाळा करतात ते हवेचे बुडबुडे. खाचेत अर्धा घनसेंटीमीटर हवा अडकली, तर घट 20.5 होते आणि घनता 2.59 वर घसरते. चूक नेहमी याच दिशेने होते. तुकडा पाण्यात हलवून पुन्हा वजन केल्यावर घट कमी भरली, तर बुडबुडे होते हे नक्की. पाण्यात साबणाचा एखादा थेंब टाकला की ते सहसा सुटतात. त्या मानाने पाण्याच्या तापमानाचा फरक किरकोळ: 30 अंश सेल्सिअसला पाण्याची घनता 0.9957 असते, त्यामुळे 2.65 चं 2.64 होतं.

तुकडा फारच लहान असेल तर मात्र ही रीत लंगडी पडते. एका ग्रॅमच्या खड्याची घट 0.4 ग्रॅमच्या आसपास असते. 0.1 ग्रॅमपर्यंतच मोजणाऱ्या काट्यावर ती 0.3 किंवा 0.5 सुद्धा दिसू शकते, आणि घनता 3.3 ते 2 यांत कुठेही निघते.

सच्छिद्र दगडाचं आणखी वेगळं. तो पाणी पीत राहतो, त्यामुळे बुडवलेल्या तुकड्याचं वजन हळूहळू वाढताना दिसतं. अशा वेळी काट्यावरचा कोणता आकडा धरायचा, हे आधी ठरवावं लागतं: छिद्रं धरून अख्ख्या दगडाची घनता हवी आहे, की छिद्रं वगळून नुसत्या खनिजाची?