लिप-सिंक (मराठी संवाद)

ॲनिमेशनपटातील पात्राच्या तोंडाची हालचाल आधी ध्वनिमुद्रित केलेल्या संवादाशी जुळवण्याच्या कामाला लिप-सिंक म्हणतात. द्विमितीय कामात यासाठी प्रत्येक पात्राचा एक माउथ चार्ट काढलेला असतो. त्यात सहा ते बारा तोंडे असतात आणि भाषेतले सगळे ध्वनी त्यांतच बसवावे लागतात. इतक्या थोड्या चित्रांत काम भागते, कारण बरेच ध्वनी ऐकायला वेगळे असले तरी दिसायला सारखेच असतात. ‘पाणी’ म्हटले काय आणि कोल्हापुरी ‘पानी’ म्हटले काय, ओठांना फरक कळत नाही. न आणि ण यांतला भेद जिभेचा आहे आणि तो दातांआडच राहतो.

मराठीची अडचण चित्रांच्या संख्येत नाही. कोणत्या ध्वनीला कोणते चित्र, हे ठरवणारी साधने इंग्रजी उच्चार गृहीत धरतात, ही खरी अडचण आहे. मोफत मिळणारे रूबार्ब लिप सिंक हे त्यातले बरेच वापरले जाणारे साधन. त्याच्या A ते F या सहा मूळ मुखाकृती हॅना-बार्बेरा स्टुडिओच्या दूरचित्रवाणी मालिकांतून आल्या. A म्हणजे मिटलेले ओठ, B म्हणजे जवळ आलेले दात आणि किंचित उघडे ओठ, C उघडे तोंड, D पूर्ण वासलेले, E किंचित गोल आणि F चंबू. जोडीला तीन ऐच्छिक आकृत्या आहेत: G म्हणजे खालच्या ओठावर वरचे दात, H म्हणजे वर टेकलेली जीभ दिसणारा ल आणि X म्हणजे गप्प तोंड. ‘कोल्हापूर’ या एका शब्दात यांतल्या बऱ्याच येऊन जातात: को ला E, ल्ह ला H, हा च्या आ ला D, प ला A, ऊ ला F आणि शेवटच्या र ला B.

अशी साधने वापरायचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात संवादाचा मजकूर रोमन लिपीत देऊन इंग्रजी शब्दकोशाकडून उच्चार काढून घेतात. पापागायोसारखी साधने कार्नेगी मेलन विद्यापीठाचा अमेरिकी उच्चारकोश वापरतात. मराठी शब्द त्यात नसला तर साधन तो सापडला नाही म्हणून थांबते, आणि ते बरेच. शब्द चुकून सापडला की खरी पंचाईत. ‘वर’ हा शब्द कोणी war असा टंकला, तर कोशात तो लढाई या अर्थाचा निघतो. मग म्हैस वर घ्या म्हणणारे पात्र ओठांचा चंबू करून गोल तोंडाने बोलू लागते. दुसरा मार्ग नुसत्या आवाजावरून ध्वनी ओळखण्याचा:

```
rhubarb -r phonetic -f tsv -o sanvad.tsv sanvad.wav
```

`-r phonetic` न लिहिल्यास साधन मूळचा इंग्रजी ओळखणारा भाग वापरते आणि मराठी वाक्यात इंग्रजी शब्द शोधत बसते. `phonetic` ने ते टळते. मात्र त्याच्यामागचा ध्वनिनमुनाही इंग्रजी बोलण्यावरच तयार झाला आहे. त्यामुळे भ, घ, ळ, दंत्य च हे सगळे जवळच्या इंग्रजी ध्वनीत ढकलले जातात. स्वर बऱ्यापैकी येतात. ओठ मिटण्याच्या जागा हाताने तपासाव्या लागतात, आणि प्रेक्षकाची नजर नेमकी तिथेच असते. आ जरा कमी उघडला तर कोणी बोलत नाही. म ला तोंड उघडे राहिले तर लहान मूलसुद्धा ‘हे खोटं आहे’ म्हणते.

ओठ मिटणारे मराठी ध्वनी पाचच: प, फ, ब, भ, म. त्यात गोंधळ घालतो तो अनुस्वार. लिहिताना एकच टिंब, उच्चार मात्र पुढच्या अक्षरावर ठरतो. रोमन लिप्यंतराच्या आयट्रान्स पद्धतीत हे टिंब मोठ्या M ने लिहितात, म्हणून पंचगंगा ही paMchagaMgA होते. हा मजकूर जसाच्या तसा साधनात घातला की प्रत्येक टिंबाला ओठ मिटतात. प्रत्यक्षात पंचगंगा म्हणताना ओठ एकदाच, सुरुवातीच्या प ला मिटतात. च च्या आधी टिंबाचा ञ होतो, ग च्या आधी ङ, आणि या दोन्हींत ओठ उघडेच असतात. रंकाळा म्हणताना ते एकदाही मिटत नाहीत. कळंबा म्हणताना मात्र मिटतात, कारण पुढे ब आहे. तिथेही म् आणि ब मिळून एकच मिटणी होते, फक्त जरा लांब. तिला दोनदा मिटवले तर पात्र अडखळल्यासारखे दिसते.

शब्दाच्या शेवटचे टिंब आणखी वेगळे. ‘घरं’, ‘पाणी आलं’, ‘चांगलं’ यांत अनुनासिक ध्वनी उरलेलाच नाही. टिंब एवढेच सांगते की इथला अ गिळायचा नाही, तो उघडा आणि जरा लांब म्हणायचा. ‘घर’ म्हणताना तोंड र वर आटोपते आणि ‘घरं’ म्हणताना पुन्हा उघडते. इंग्रजी साधनाला ही दोन रूपे वेगळी आहेत हे सांगावे लागते.

पुराच्या दिवसांतल्या एका प्रसंगात पात्र ओरडते, असे धरू: ‘पंचगंगेचं पानी वाढलंय, म्हसरं वर घ्या!’ या ओळीत टिंबे पाच आहेत: पं, गं, चं, लं, रं. त्यांतल्या एकाही ठिकाणी ओठ मिटत नाहीत. मिटतात ते तीनच जागी, पंचगंगेचा प, पानीचा प आणि म्हसरंचा म. टिंबाला M समजणारे साधन आठ ध्वनींना ओठ मिटवते, त्यांतले पाच चुकीचे. ‘पंचगंगेचं’ हा पहिला शब्द हाताने दुरुस्त केल्यावर सेकंदाला 24 फ्रेमच्या पट्टीवर साधारण असा येतो:

```
0.00  X
0.08  A
0.17  C
0.25  B
0.38  C
0.54  B
0.63  C
0.75  B
0.83  C
1.00  A
```

पहिला A हा प चा. 0.25 वरचा B हा ञ्च साठी, 0.54 वरचा ङ्ग साठी आणि 0.75 वरचा शेवटच्या चं मधल्या च साठी. या शब्दातले दोन च एकसारखे नाहीत. ‘पंच’मधला तालव्य आहे, ‘चा-चं’मधला दंत्य. इंग्रजीच्या च ला ओठ किंचित पुढे येतात आणि काही साधनांत त्यासाठी वेगळी आकृतीही असते. मराठीत दोन्ही च ला ओठ जवळपास सपाट राहतात, म्हणून दोन्हींना B दिला तरी चालते. 1.00 वरचा A हा पुढच्या ‘पानी’चा. क-वर्गाचे ध्वनी घशाजवळ होतात, त्यामुळे आधीच्या स्वराचे तोंड तसेच पुढे नेले तरी बिघडत नाही. 0.38 पासूनच्या C मध्ये म्हणूनच एक ग विरून गेला आहे.

ओठ किती वेळ मिटलेले ठेवायचे, हा पुढचा प्रश्न. 24 फ्रेमच्या कामात एक फ्रेम म्हणजे सुमारे 42 मिलिसेकंद, आणि एका फ्रेमची मिटणी डोळ्याला धड दिसत नाही. निदान दोन फ्रेम हव्यात. बोलणे घाईचे असेल तर दुसरी फ्रेम आधीच्या स्वरातून उसनी घ्यावी, पुढच्यातून नको, कारण ओठ आवाजाच्या आधी मिटलेले चालतात, नंतर मिटलेले चालत नाहीत. दर दोन फ्रेमला एक चित्र बदलणाऱ्या कामात, म्हणजे ‘टूज’वर, साधनाने दिलेली एका फ्रेमची मिटणी दोन चित्रांच्या मधल्या फटीत पडून नाहीशीच होते. मजकूर बरोबर, वेळा बरोबर, तरी पडद्यावर म गायब, असा हा प्रकार. ‘गप बस’मध्ये उलट होते. प आणि ब लागून येतात, मधे तोंड उघडत नाही, आणि एकच लांब मिटणी चार फ्रेमपर्यंत ठेवता येते. भ आणि फ यांच्या मिटणीनंतर हवेचा झोत असतो, म्हणून पुढचा स्वर एखादी फ्रेम उशिरा पूर्ण उघडला तर जास्त खरा वाटतो.

आवाजाच्या आलेखात प किंवा ब च्या आधी जवळजवळ सपाट रेघ आणि मग उसळी दिसते. म मध्ये रेघ सपाट होत नाही, गुणगुण चालूच असते. म्हणून नुसत्या शांततेवरून मिटण्या शोधू गेले की सगळे म हातचे जातात. ते कानानेच टिपावे लागतात.

व चे काम नाजूक आहे. इंग्रजीत चंबूचा w आणि दात-ओठांचा v असे दोन वेगळे ध्वनी आहेत, मराठी व या दोघांच्या मधला. ‘वर’, ‘वाढलंय’ यांत खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो, चिकटत नाही, तेव्हा G बरी, पण दात रुतलेली जोरकस नको. ‘गाव’, ‘भाव’ यांच्या शेवटी तो उ कडे झुकतो, तिथे हलका F. ‘संवाद’मध्ये टिंबही व मध्येच मिसळते, त्यालाही G पुरते. ‘संशय’ बहुतेक जण ‘सौंशय’सारखा म्हणतात, तिथे ओठ थोडे गोल होतात. फ बद्दल नियम करण्यात अर्थ नाही. ‘फेटा’ म्हणताना कोणी ओठ मिटतो, कोणी वरचे दात टेकवतो. कलाकाराचे ध्वनिमुद्रण ऐकून A की G ते ठरवावे, आणि शक्य असेल तर मुद्रणाच्या वेळी त्याच्या तोंडाचा मोबाइलवर व्हिडिओ घेऊन ठेवावा.

ओ ला साधने सहसा इंग्रजीसारखी दोन टप्प्यांची हालचाल किंवा थेट चंबू देतात. मराठी ओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच आकाराचा असतो. ‘मोठा’ला E धरून ठेवावा आणि F फक्त उ-ऊ साठी राखावा. ऐ आणि औ मात्र खरोखरच दोन स्वरांचे आहेत, त्यांना दोन आकृत्या लागतात. ळ ला H देण्याची चूकही नेहमी दिसते. ल ला जीभ दातांमागे दिसते, ळ ला ती मागे वळलेली असते आणि दिसत नाही. ‘रंकाळा’त जीभ दाखवली की तो ‘रंकाला’ वाटतो.

कोल्हापुरी संवादात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पटकथेत ‘काय करत आहेस’ लिहिलेले असते आणि कलाकार ‘काय करायलास’ म्हणून मोकळा होतो. ‘वाढले आहे’ची पाच अक्षरे ‘वाढलंय’मध्ये आवळली जातात. पटकथेचा मजकूर आवाजावर बसवणारे साधन ही नसलेली अक्षरे कुठेतरी कोंबते आणि पुढची सगळी ओळ सरकते. म्हणून मजकूर पटकथेतून उचलू नये, मुद्रण ऐकून जसा बोलला तसा पुन्हा लिहावा. पूर्ण झालेला शॉट आवाज बंद करून एकदा पाहावा, ओठ किती वेळा मिटले ते मोजावे आणि हा आकडा त्या मजकुरातल्या प, फ, ब, भ, म शी ताडावा. जोडून आलेल्यांची एकच मिटणी धरायची आणि दात टेकवून म्हटलेला फ वगळायचा. वरच्या म्हसरांच्या ओळीत तो आकडा तीन यायला हवा.