गळतीला सिमेंट पाजताना दाब किती द्यावा?

समजा, बेसॉल्टच्या खडकावर एक छोटा बंधारा बांधला आहे. खाली सहा मीटरवर लाव्हाच्या दोन थरांमधला आडवा सांधा आहे आणि त्यातून पाणी निसटून खालच्या ओढ्यात निघतं. उपाय ठरलेला असतो: भोकं पाडायची, ती धुऊन काढायची, भोकात नळीभोवतीची जागा घट्ट बंद करणारा रबरी पॅकर आवळून बसवायचा आणि पंपाने सिमेंटचं पाणी, म्हणजे ग्राउट, सांध्यात भरायचं. सुरुवात पातळ मिश्रणाने करायची. खडक ते सहज पीत राहिला, तर हळूहळू घट्ट करत जायचं.

खरी गोम दाबात आहे. जास्त जोर लावला की सिमेंट जास्त लांब जाईल, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण सांध्यावरच्या खडकाचं वजन काढून पाहा. एक घनमीटर बेसॉल्ट साधारण २.६ टन भरतो, म्हणजे सहा मीटर जाडीचं ओझं दर चौरस मीटरला १५.६ टन झालं. साईटच्या भाषेत हा झाला जेमतेम दीड किलोचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दीड किलो.

आता वर गेजवर फक्त एक किलो दिसतोय असं धरू. नळीत उभं असलेलं घट्ट ग्राउट पाण्याच्या दीडपट जड असतं, त्यामुळे सहा मीटरचा तो स्तंभ स्वतःच ०.९ किलो भर घालतो. सांध्यापाशी दाब १.९ किलो झाला, वरच्या ओझ्यापेक्षा जास्त! शिवाय ग्राउट पसरेल तसं ज्या क्षेत्रावर ते ढकलतं तेही वाढत जातं. तीन मीटर लांब-रुंद पसरलं की खडकावर खालून सुमारे १७० टनांचा रेटा येतो. अखंड, मजबूत खडक तो थोडाफार सोसेल, पण सांध्यांनी फुटलेला थर उचलला जातो.

म्हणून दर मीटर खोलीला पाव किलो, हा जुना सावध नियम मला आडव्या सांध्यांच्या खडकात पटतो. मी तो सांध्यापाशीच्या एकूण दाबाला लावतो. इथे दीड किलोतून स्तंभाचे ०.९ वजा केले की गेजवर ०.६ एवढेच उरतात.

खडक उचलला जातोय हे पंपापाशीच कळतं. फट नीट भरत असेल तर ग्राउटचं पिणं हळूहळू मंदावतं. पण स्थिर असलेला काटा एकदम खाली पडला आणि पिणं अचानक वाढलं, तर फट रुंदावली किंवा ग्राउटने नवी वाट फोडली असं समजावं. बंधाऱ्याच्या पायथ्याशी करडं पाणी दिसतंय का, हेही कुणीतरी सतत बघत असावं. अशा वेळी पंप ताबडतोब थांबवायचा. ‘खूप सिमेंट गेलं, काम चांगलं झालं’ ही समजूत इथेच घात करते.

सांध्यात तांबडी माती भरलेली असेल, तर कोणत्याही दाबाने सिमेंट तिच्यात मुरत नाही, कारण सिमेंटचे कण तिच्या छिद्रांपेक्षा मोठे असतात. आधी ती धुऊन काढावी लागते. ते जमलं नाही आणि बंधारा नुसत्या ग्राउटवर सोडला, तर पुढे पाणी तीच माती वाहून नेतं आणि गळती पुन्हा सुरू होते. कामानंतर दोन भोकांच्या मध्ये नवं भोक पाडून पाणी दाबून बघायचं. पाण्याचं पिणं पहिल्यापेक्षा किती कमी झालं, ते तिथे मोजता येतं.