एक कार्ड, दोन भाडी: मुंबईत लोकल आणि मेट्रोचं तिकीट का जुळत नाही

वर्सोव्याहून सीएसएमटीला जायचं तर मेट्रो १ ने घाटकोपरला ४० रुपये आणि तिथून लोकलच्या सेकंड क्लासचे १० रुपये. एकूण ५०. कार्ड वापरा, ॲप वापरा किंवा खिडकीवर रांग लावा, बेरीज तीच. अकरा-बारा किलोमीटरच्या मेट्रोला ४० आणि वीसेक किलोमीटरच्या लोकलला १०, ही तफावत कार्डाने मिटणारी नाही.

कारण भाडं ठरवणारे हात वेगळे आहेत. लोकलचं भाडं रेल्वे मंत्रालय ठरवतं आणि ते वर्षानुवर्षं मुद्दाम कमी ठेवलं गेलं आहे. मेट्रोचं भाडं २००२ च्या मेट्रो कायद्याने चालतं: पहिलं भाडं मेट्रो चालवणारा ठरवतो, पुढचं भाडे निश्चिती समिती. जून २०१४ मध्ये मेट्रो १ सुरू झाली तेव्हा राज्य सरकार करारातल्या ९-११-१३ रुपयांवर अडून होतं आणि कंपनीला १० ते ४० हवे होते. वाद उच्च न्यायालयात गेला आणि दर वरच्या पट्टीत गेले.

दोन्हीकडे लांब प्रवासाला दर किलोमीटरला कमी पैसे पडतात. पण गाडी बदलली की मोजणी पुन्हा किमान भाड्यापासून सुरू होते. तोटा इथेच होतो. मेट्रो २अ आणि ७ एकाच संस्थेच्या असल्याने त्यांच्यात भाडं सलग धरलं जातं. पण ७ वरून १ वर जायचं तर गुंदवलीला गेटबाहेर पडून पुलाने वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्थानकात नवं तिकीट.

कार्डाची गोष्ट जुनीच. बेस्ट आणि लोकल दोन्हींत चालणारं ‘गो मुंबई’ कार्ड एकदा येऊन विरलं. मार्च २०१९ मध्ये देशभरासाठी नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड म्हणजे एनसीएमसी आलं, जानेवारी २०२३ मध्ये त्यावर आधारलेलं ‘मुंबई १’ कार्ड मेट्रो २अ आणि ७ बरोबर सुरू झालं. मेट्रोच्या गेटवर ते टॅप होतं. लोकलच्या फलाटावर गेटच नाही, फक्त टीसी. मग टॅप करणार कुठे?

ऑक्टोबर २०२५ च्या ‘मुंबई वन’ ॲपने लोकल, मेट्रो, मोनो आणि बस मिळून ११ सेवांची तिकिटं एकत्र आणली. एकदाच पैसे भरायचे, ही सोय खरी. पण भाड्यांची नुसती बेरीज होते, सवलत नाही. लोकलचा पास मेट्रोत चालत नाही तो नाहीच.

घाटकोपरला आणखी एक अडचण येते. मेट्रोचा पूल थेट रेल्वेच्या पुलाला लागतो. रेल्वेच्या मोबाइल तिकिटाला स्थानकाच्या हद्दीत मनाई आहे, म्हणून जीपीएस तुम्हाला आत धरून तिकीट नाकारतं.  म्हणून ते तिकीट मेट्रोत बसण्याआधीच काढून ठेवावं. मात्र लोकलच्या तिकिटावर प्रवास सुरू करायची मुदत छापलेली असते, ती आधी बघा.