शाफ्टच्या तुटीवरच्या थांबरेषा

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात भट्टीच्या ब्लोअरचा शाफ्ट तुटला. ईएन-८ पोलादाचा, बेअरिंगच्या जागी ६० मिलिमीटर व्यासाचा. प्रयोगशाळेचा अहवाल इंग्रजीत आला आणि तो फिटर-टर्नरांसाठी मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. तुकडा टेबलावर ठेवूनच मी लिहायला बसलो. या अहवालातला जवळजवळ प्रत्येक शब्द तुटीच्या पृष्ठभागावर बोट ठेवून दाखवता येतो, आणि तसा दाखवता आला नाही तर भाषांतर चुकलं असं समजावं.

पहिली अडचण ‘फटीग’ या शब्दाचीच. पारिभाषिक शब्द ‘श्रांती’ आहे, पण शॉपफ्लोअरवर तो कुणी बोलत नाही. ‘थकवा’ लगेच कळतो, पण दिशाभूल करतो. थकलेला माणूस झोपून उठला की ताजातवाना होतो. शाफ्टमधला तडा मात्र मशीन महिनाभर बंद ठेवलं तरी भरून येत नाही, सुरू केल्यावर तिथूनच पुढे सरकतो. म्हणून मी ‘धातुश्रांती’ एकदाच लिहिलं आणि लगेच खुलासा जोडला: एका फटक्यात शाफ्ट तुटणार नाही एवढाच भार, पण लाखो वेळा आल्याने वाढत गेलेला तडा. ब्लोअरचा पट्टा पुलीला एका बाजूला ओढतो, त्यामुळे फिरणाऱ्या शाफ्टच्या कडेचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. मिनिटाला १,००० फेरे आणि दोन पाळ्यांचे १६ तास धरले, तर दिवसाला ९ लाख ६० हजार वेळा.

मग आल्या ‘बीच मार्क्स’. तुटीच्या गुळगुळीत भागावर एकामागे एक कमानदार रेषा होत्या, नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या. ओहोटीला पाणी मागे सरताना वाळूवर रेघा सोडतं, त्यावरून हे नाव पडलं. कोकणातला वाचक ‘पुळणखुणा’ म्हटलं तर ओळखेल, पण नागपुरात ते चित्र डोळ्यांसमोर येत नाही. इथे उन्हाळ्यात तलाव आटतो तेव्हा पाणी जिथे जिथे काही दिवस टिकलं, तिथे काठाच्या चिखलात एकेक रेघ राहते. तड्याचंही तसंच होतं. मशीन थांबलं किंवा भार बदलला की तडा त्या जागी रेंगाळतो, उघड्या पडलेल्या कडेवर गंजाची छटा चढते आणि रेघ उमटते. म्हणून मी ‘थांबरेषा’ हा शब्द घेतला. ‘वर्षवलयं’ हा शब्द मोह पाडत होता, पण लगेच कुणीतरी रेषा मोजून शाफ्टचं वय काढलं असतं.

एका थांबरेषेचा अर्थ एक फेरा असा तर मुळीच नाही. एका फेऱ्याची खूण फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. तिला मी ‘सूक्ष्म चरे’ म्हटलं, कारण दोन्हींना ‘रेषा’ म्हटलं असतं तर अहवालाचा अर्थच बुडाला असता. तड्याच्या पुढच्या टप्प्यात दोन चऱ्यांमधलं अंतर ०.२ मायक्रॉन होतं. म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ५,००० चरे, आणि या ब्लोअरच्या वेगाने ती फक्त पाच मिनिटं झाली.

थांबरेषांच्या कमानी जिथून पसरत गेल्या होत्या ती जागा म्हणजे तड्याचं उगमस्थान. ते बेअरिंगशेजारी, शाफ्टचा व्यास बदलतो त्या पायरीच्या कोपऱ्यात होतं. समोरच्या बाजूला खडबडीत, दाणेदार भाग होता. उरलेलं पोलाद शेवटी तिथे एकदम तुटलं. तो भाग जेमतेम एक पंचमांश होता. शॉपमध्ये सगळ्यांचं मत ‘ओव्हरलोड’ असं होतं, पण भार फार असता तर तडा एवढा आत जाईपर्यंत शाफ्ट टिकलाच नसता. दोष कोपऱ्यात होता. तिथली गोलाई अर्धा मिलिमीटरच भरली आणि अशा तीक्ष्ण कोपऱ्यात प्रतिबल, म्हणजे भाराने धातूत येणारा ताण, एकवटतं. रेषा नसल्या म्हणजे श्रांती नाही, असंही नसतं. भार एकसारखा आणि अखंड राहिला तर त्या उमटत नाहीत, आणि तुटलेली तोंडं एकमेकांवर घासली तर पुसल्या जातात.

शेवटची शिफारस मी लिहिली: ‘कोपऱ्याला ३ मिलिमीटर गोलाई द्यावी.’ टर्नरने वाचून विचारलं, “भाऊ, मग बेअरिंग पायरीला टेकेल कसं?” त्याचं बरोबर होतं. ६२१२ बेअरिंगच्या आतल्या कडेला साधारण दीड मिलिमीटरचीच गोलाई असते, त्याहून मोठा कोपरा केला तर ते नीट बसत नाही. कोपरा तीक्ष्ण ठेवण्यामागे त्याचं हेच कारण होतं. मूळ अहवालात पुढे ‘स्पेसर रिंग’ असे दोनच शब्द होते, आणि मी ते सुटा भाग समजून यादीत टाकले होते. ते वाक्य मी पुन्हा लिहिलं: पायरी आणि बेअरिंग यांच्यामध्ये एक कडी घालावी, तिची आतली कड कापून गोलाईसाठी जागा मोकळी ठेवावी, म्हणजे बेअरिंग कडीला टेकेल आणि कोपऱ्याला ३ मिलिमीटर मिळतील. बाजूला कडीचा छेद पेन्सिलने काढून दिला. टर्नरने त्यावर कडीची जाडी स्वतःच लिहिली.