टर्म विमा आणि आरोग्य विमा: अर्ज, कागदपत्रं आणि घरातली फाइल

टर्म विमा किती रकमेचा घ्यायचा, हे एजंटने सांगितलेल्या आकड्यावरून नाही, घरखर्चावरून ठरवा. समजा नवरा 32 वर्षांचा, नोकरदार; बायको 29; मुलगी 2 वर्षांची. गृहकर्जाचा हप्ता सोडून महिन्याचा खर्च 45,000 रुपये. त्यातला नवऱ्याचा स्वतःचा 10,000 वजा केला की उरतात 35,000, म्हणजे वर्षाला 4 लाख 20 हजार. 20 वर्षांचे होतात 84 लाख. त्यात गृहकर्जाची बाकी 30 लाख आणि शिक्षणाचे 20 लाख मिळवले, पीएफ आणि ठेवींचे 9 लाख वजा केले, की उरतात 1 कोटी 25 लाख. महागाई आणि गुंतवलेल्या रकमेवरचं व्याज साधारण सारखं राहील, असं इथे धरलं आहे. मुदत साठाव्या वर्षापर्यंत पुरते. हप्ते परत देणारी योजना महाग पडते. त्याच पैशांत मोठं कवच मिळतं, ते घ्या.

अर्जाला आधार, पॅन, फोटो, फॉर्म 16, पगाराच्या पावत्या आणि बँकेचं स्टेटमेंट लागतं. व्यवसाय असेल तर गेल्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. कंपनी सांगेल ती वैद्यकीय तपासणी टाळू नका. ती झालेली असली तर पुढे दाव्याच्या वेळी तुमचीच बाजू भक्कम होते.

दावे अडकतात ते अर्जातल्या आरोग्याच्या प्रश्नांवर. एजंट घाईत सगळीकडे ‘नाही’ लिहितो आणि आपण ओटीपी देऊन मोकळे होतो. सिगारेट, तंबाखू, मिश्री, रक्तदाबाची गोळी, जुनं ऑपरेशन, दुसऱ्या कंपनीची पॉलिसी, सगळं लिहा. हप्ता थोडा वाढेल, वाढू द्या. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पॉलिसीला 3 वर्षं झाल्यावर कंपनीला तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. पण त्याआधी मृत्यू झाला तर जुने वैद्यकीय कागद तपासले जातात आणि लपवलेलं बाहेर येतं. पॉलिसीसोबत भरलेल्या अर्जाची प्रत येते. ती ओळ न् ओळ वाचा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परतही करता येते.

आरोग्य विमा नवरा, बायको आणि मूल मिळून एका फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्यांत मिळून एकच रक्कम असलेल्या पॉलिसीत घ्या, आई-वडिलांचा वेगळा ठेवा. त्यांना एकत्र घेतलं तर हप्ता सर्वांत मोठ्या वयावर ठरतो आणि त्यांच्या एका आजारपणात सगळी रक्कम संपू शकते. नोकरीतला विमा नोकरीबरोबर जातो, त्यामुळे स्वतःचा हवाच. आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळू लागण्यासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त 3 वर्षं असते. बाळंतपणाची प्रतीक्षा वेगळी असते. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर ती आधीच पाहा.

खोलीभाड्याची मर्यादा असलेली पॉलिसी टाळा. मर्यादा 5,000 आणि खोली 8,000 ची घेतली, तर तोटा रोजच्या 3,000 वर थांबत नाही. डॉक्टर, शस्त्रक्रिया, नर्सिंग यांचा खर्चही त्याच प्रमाणात कापला जातो: 1 लाख 60 हजारांपैकी 1 लाखच मिळतात. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कपात लागत नाही.

आता फाइल. दोन्ही पॉलिसी, अर्जाची प्रत आणि हप्त्याची पावती एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती कपाटातल्या कुठल्या कप्प्यात आहे ते बायकोला प्रत्यक्ष दाखवा. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. नेमक्या वेळी तो लगेच उघडता येत नाही. वरच्या पानावर कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, रक्कम, हप्त्याची तारीख, नॉमिनी आणि हेल्पलाइन हाताने लिहा. हेल्थ कार्डाचा फोटो तिच्या फोनमध्येही हवा.

नॉमिनीचं नाव तपासा. लग्नाआधीच्या पॉलिसीत आई असते आणि बदलायचं राहून जातं. पॉलिसीत बायकोचं सासरचं नाव आणि तिच्या आधार, पॅन किंवा बँक खात्यात माहेरचं असेल तर पडताळणी अडते. सगळीकडे एकच नाव करून घ्या. मूल नॉमिनी असेल तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. बायकोचं स्वतःच्या नावाचं बँक खातंही चालू असू द्या.

दाव्यासाठी मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, नॉमिनीची ओळखपत्रं आणि रद्द केलेला चेक लागतो. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालही. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढा. नोकरदाराचा पीएफ असेल तर ईडीएलआय या पीएफसोबतच्या विमा योजनेतून 7 लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, त्यासाठी फॉर्म 5 आयएफ भरायचा असतो. हे वरच्या पानावर लिहून ठेवा, कारण अनेक घरांत हा दावा केलाच जात नाही.

आरोग्य विम्याचा हप्ता नवऱ्याच्या खात्यातून आपोआप जात असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर खातं गोठतं आणि हप्ता चुकतो. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. तेवढ्यात बायकोने भरला नाही, तर तिचं आणि मुलीचं कवच संपतं. म्हणून ही तारीख तिच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच टाका.